एका गटाच्या सहा ओळी

पंढरपूर तालुक्यात एक कासेगाव आहे आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात दुसरे. कोर्टी पंढरपूर तालुक्यात आहे, तशी करमाळ्यातही आहे. भोसे पंढरपुरात सापडते आणि मंगळवेढ्यातही. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. कुणी कासेगावचा आहे म्हणाला, की समोरचा आपसूक ‘कुठलं कासेगाव?’ असे विचारतो. डेटाबेस हा प्रश्न विचारत नाही. एका तक्त्यात ‘कासेगाव’ लिहिलेली एक ओळ असेल आणि गावांच्या तक्त्यात त्या नावाच्या दोन ओळी असतील, तर तो दोन्ही जोड्या लावून देतो आणि पुढे चालू लागतो. मग अहवालात एका कासेगावची पेरणी दोनदा मोजली जाते, एकदा पंढरपूरच्या नावावर आणि एकदा दक्षिण सोलापूरच्या.

ही पुस्तिका अशा चुकीविषयी आहे. तालुका आणि जिल्हा पातळीवर शेतीचे अहवाल करणारे कर्मचारी, साखर कारखान्यांच्या शेती विभागातले लोक आणि विम्याच्या आकड्यांवर काम करणारे तरुण यांच्यासाठी ती लिहिली आहे. त्यांतल्या बहुतेकांना जॉइन लिहिता येतो. क्वेरी चालते, लाल अक्षरात काही येत नाही, खाली बेरीज दिसते. ती बेरीज खरी आहे का, हे मात्र क्वेरी चालल्यामुळे कळत नाही. प्रस्तावनेत मी सातबाऱ्याचे एकच उदाहरण घेणार आहे, कारण ही चूक कशी घडते ते त्यात पूर्ण दिसते आणि आपल्या वाचकाला गट, खाते, हिस्सा हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

आधी जॉइन नेमके काय करतो ते पाहू, कारण चुकीचे मूळ तिथल्या गैरसमजात आहे. आपल्यापैकी बहुतेक जण एक्सेलमधून आलो. एक्सेलमधले `VLOOKUP` पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबते आणि एकच उत्तर देते. त्यामुळे ‘जुळवणे’ म्हणजे समोरच्या तक्त्यातून आपली ती एक ओळ शोधून आणणे, अशी सवय मनाला लागते. जॉइन शोधत नाही. अट पूर्ण करणारी प्रत्येक जोडी तो परत करतो. डावीकडे एका किमतीच्या तीन ओळी आणि उजवीकडे त्याच किमतीच्या दोन असतील, तर उत्तरात सहा ओळी येतात. `LEFT JOIN` लिहिल्याने यात फरक पडत नाही. त्याने डावीकडची जुळणी न झालेली ओळ गळत नाही एवढेच. जुळलेली ओळ कितीदा येईल यावर त्याचा काहीच ताबा नाही.

दोन्ही साधनांच्या चुका म्हणूनच उलट्या दिशेच्या असतात. कासेगावचे उदाहरण `VLOOKUP` ने केले तर जिल्ह्याची बेरीज बरोबर येते, पण दोन्ही कासेगावांचे क्षेत्र यादीत वर असलेल्या तालुक्याच्या खात्यावर पडते. जॉइनने केले तर जिल्ह्याची बेरीजच फुगते. पेरणीच्या तक्त्यातही दोन्ही कासेगावांची प्रत्येकी एक ओळ असेल, तर दोनाच्या चार होतात. जिल्ह्यात अकराशेच्या वर गावे आहेत आणि नाव पुन्हा येणारी त्यांतली थोडीच. त्यामुळे एकूण आकडा जरासाच वाढतो आणि गेल्या वर्षीपेक्षा पेरा थोडा जास्त झाला असेल, असे समजून सही होते. मला ही लहान वाढ सर्वांत घातक वाटते. कुणी गावाचा रकाना पूर्ण विसरून फक्त गट नंबरावर जॉइन लावला, तर गट नंबर १ जवळजवळ प्रत्येक गावात असतो. अकराशे गावांच्या अकराशे ओळी दुसऱ्या बाजूच्या अकराशे ओळींशी जुळतात आणि त्या एका नंबराच्याच बारा लाख दहा हजार ओळी होतात. क्वेरी संपता संपत नाही आणि चूक स्वतःहून उघडी पडते. दोन-तीन टक्क्यांची चूक तशी बोंब मारत नाही.

गावाच्या नावावर उपाय ठरलेला आहे. जनगणनेने प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिलेला आहे. नावाऐवजी तो वापरला की दोन्ही कासेगावे वेगळी राहतात, शिवाय ‘भाळवणी’ आणि ‘भाळवनी’ अशा लिहिण्यातल्या फरकांचा त्रासही संपतो. पण कोड लावला की प्रश्न मिटला, असे समजणाऱ्यांनाच पुढचा खड्डा लागतो. तो एकाच गावाच्या आत, एकाच गटात आहे.

गाव नमुना सात हा मालकीचा आणि बारा हा पिकांचा. कागदावर ते एकाखाली एक छापलेले असतात, म्हणून आपण त्यांना एकच गोष्ट समजतो. डेटाबेसमध्ये ते दोन तक्ते असतात. एका गटात जितके खातेदार, तितक्या ओळी सातच्या तक्त्यात. एका हंगामात जितकी पिके, तितक्या ओळी बाराच्या तक्त्यात. दोन्हींत गट नंबर आहे, म्हणून दोन्ही जोडायला गट नंबर हाच रकाना योग्य, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

एका गावातले तीन गट घेऊ. आकडे समजण्यासाठी मीच मांडले आहेत. गट ११७ चे क्षेत्र २.४० हेक्टर, खातेदार तीन भाऊ: दत्तात्रय १.००, महादेव ०.८० आणि सिद्धेश्वर ०.६० हेक्टर. रब्बीत या गटात ज्वारी १.४० आणि हरभरा ०.६० हेक्टर, उरलेले पड. गट ११८ मध्ये एकच खातेदार, १.५० हेक्टर, त्यात ज्वारी १.२०. गट ११९ मध्ये दोन खातेदार, प्रत्येकी ०.५० हेक्टर, आणि कांदा ०.९०. हाताने बेरीज केली तर धारण क्षेत्र ४.९० आणि पेरणी ४.१० हेक्टर येते. मालकीच्या तक्त्यात सहा ओळी आहेत, पिकांच्या तक्त्यात चार.

आता ही क्वेरी पाहा. `malak` म्हणजे सातचा तक्ता, `pik` म्हणजे बाराचा. गावाचा कोडही नीट घातलेला आहे.

```sql
SELECT COUNT(*), SUM(m.kshetra), SUM(p.kshetra)
FROM malak m
JOIN pik p
  ON p.gaon_code = m.gaon_code
 AND p.gat = m.gat;
```

उत्तर येते: ९ ओळी, धारण क्षेत्र ७.३० आणि पेरणी ९.०० हेक्टर. बेरजेच्या आधी गट ११७ चे काय झाले ते ओळीओळीने असे दिसते:

```
गट    खातेदार      धारण    पीक      पेरणी
११७   दत्तात्रय    १.००    ज्वारी   १.४०
११७   दत्तात्रय    १.००    हरभरा    ०.६०
११७   महादेव       ०.८०    ज्वारी   १.४०
११७   महादेव       ०.८०    हरभरा    ०.६०
११७   सिद्धेश्वर   ०.६०    ज्वारी   १.४०
११७   सिद्धेश्वर   ०.६०    हरभरा    ०.६०
```

या सहा ओळींकडे नीट पाहिले की सगळा उलगडा होतो. ज्वारीचे १.४० हेक्टर तीन वेळा आले आहे, कारण गटात तीन खातेदार आहेत. दत्तात्रयचे १.०० हेक्टर दोनदा आले आहे, कारण गटात दोन पिके आहेत. म्हणजे प्रत्येक बाजूचा आकडा समोरच्या बाजूच्या ओळींच्या संख्येने गुणला गेला. पेरणी तिप्पट होऊन ६.०० आणि धारण क्षेत्र दुप्पट होऊन ४.८० हेक्टर. गट ११८ मध्ये दोन्हीकडे एकेक ओळ, म्हणून तो जसाच्या तसा राहिला. गट ११९ मध्ये कांदा दुप्पट झाला, पण धारण क्षेत्र बरोबर आले, कारण पिकाची ओळ एकच होती.

वाढ सगळीकडे सारखी नाही, म्हणून शेवटी कुठल्यातरी आकड्याने भागून ती दुरुस्त करता येत नाही. हरभरा तिप्पट झाला, कांदा दुप्पट, आणि ज्वारी २.६० ची ५.४० झाली, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. टक्केवारीही यातून सुटत नाही. खऱ्या हिशेबात ज्वारी पेरणीच्या ६३ टक्के आहे, फुगलेल्या हिशेबात ६० टक्के. ‘एकूण आकडा चुकला तरी प्रमाण तर बरोबर असेल’ असे म्हणून अहवाल वाचवायची सोय राहत नाही. ज्या गटांत खातेदार जास्त, त्या गटांतल्या पिकांचे वजन वाढते. वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या गावांतली पिके जिल्ह्याच्या अहवालात मोठी दिसू लागतात.

विम्यात याचा परिणाम थेट पैशांवर होतो. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत विमा उतरवलेले क्षेत्र प्रत्यक्ष पेरणीपेक्षा जास्त निघाले, तर त्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची तरतूद मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. पेरणीचा आकडाच फुगलेला असेल, तर जास्तीचा विमा झाकला जातो. जिथे विमा क्षेत्र खऱ्या पेरणीच्या दीडपट आहे तिथे अहवाल सगळे ठीक असल्याचे सांगतो, आणि तो खोटा पडताळा कुणी मुद्दाम केलेला नसतो.

गंमत अशी की अशा अहवालातच चुकीचा पुरावा पडलेला असतो. वरच्या उत्तरात धारण क्षेत्र ७.३० आणि पेरणी ९.०० आहे. एका हंगामात जमिनीपेक्षा पेरा मोठा कसा? मिश्र पिकाची नोंद दोन्ही पिकांखाली पूर्ण क्षेत्राने केलेली असेल, तर हे क्वचित खरेही असू शकते. पण बहुतेक वेळा तो जॉइनचाच दोष असतो. त्याहून खात्रीची खूण ओळींच्या संख्येत आहे. मालकीच्या सहा ओळी आणि पिकांच्या चार, तर जॉइननंतर नऊ कशा? जॉइन लावण्याआधी आणि नंतर `COUNT(*)` घ्यायला अर्धे मिनिट लागते. नंतरची संख्या ज्या तक्त्याची बेरीज करायची आहे त्याच्या संख्येपेक्षा वाढली असेल, तर बेरजेकडे पाहूच नये.

त्याहीआधी, क्वेरी लिहिण्यापूर्वी, एक प्रश्न प्रत्येक तक्त्याला विचारावा: ज्या रकान्यांवर मी जोडणार आहे, त्यांची एक किंमत इथे एकदाच येते का?

```sql
SELECT gaon_code, gat, COUNT(*)
FROM malak
GROUP BY gaon_code, gat
HAVING COUNT(*) > 1;
```

हीच क्वेरी `pik` वरही चालवावी. दोघांपैकी एका तक्त्यातून रिकामे उत्तर आले, तर ओळी वाढल्या तरी त्या फक्त त्याच बाजूच्या पुन्हा येतील आणि दुसऱ्या बाजूची बेरीज सुरक्षित राहील. दोन्हीकडून ओळी आल्या, तर या रकान्यांवर सरळ जॉइन लावून कुठलीच बेरीज घेता येणार नाही.

याच टप्प्यावर बहुतेक जण `DISTINCT` लिहितात. आकडा मोठा आला, ओळी पुन्हा आल्या, मग दुबार काढून टाकू, असा तो विचार. गट ११७ च्या सहा ओळींत मात्र दुबार एकही नाही. खातेदार आणि पीक यांची प्रत्येक जोडी वेगळी आहे, म्हणून `SELECT DISTINCT` ने त्यांतली एकही ओळ गळत नाही. मग कुणी `SUM(DISTINCT p.kshetra)` करतो आणि आपल्या उदाहरणात पेरणी ४.१० येते, अगदी बरोबर. त्याच भरवशावर धारण क्षेत्रालाही तेच लावले की उत्तर ४.४० येते, खरे आहे ४.९०. अर्धा हेक्टर कुठे गेला? गट ११९ मधल्या दोन खातेदारांची वाटणी समसमान आहे, ०.५० आणि ०.५०. `DISTINCT` ला त्या दोन सारख्या किमती म्हणजे एकच आकडा. आपल्याकडे समान वाटण्या हा नियमच आहे. त्यामुळे या उपायाने जिल्ह्याच्या बेरजेतून किती भावांची जमीन गायब होईल, याचा अंदाजही करवत नाही. फुगलेला आकडा निदान डोळ्यांवर येतो. असा आक्रसलेला आकडा बरोबर आकड्याच्या इतका जवळ असतो, की त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

नीट रस्ता असा, की दोन्ही तक्ते आधी एका गटाची एक ओळ या पातळीवर आणायचे आणि मगच जोडायचे.

```sql
SELECT SUM(m.dharan), SUM(p.perani)
FROM (SELECT gaon_code, gat, SUM(kshetra) AS dharan
      FROM malak GROUP BY gaon_code, gat) m
LEFT JOIN
     (SELECT gaon_code, gat, SUM(kshetra) AS perani
      FROM pik GROUP BY gaon_code, gat) p
  ON p.gaon_code = m.gaon_code
 AND p.gat = m.gat;
```

उत्तर ४.९० आणि ४.१०. इथे `LEFT JOIN` मुद्दाम आहे. पूर्ण पड राहिलेल्या गटाची पिकांच्या तक्त्यात ओळच नसते आणि साध्या जॉइनने त्याचे धारण क्षेत्र गळाले असते.

चुकीचा रकाना कधी कधी आपणच तयार करतो, त्याविषयी थोडे सांगायला हवे. गटाचे हिस्से १२/१, १२/२ असे लिहिलेले असतात. फाइल एक्सेलमध्ये उघडली की १२/२ ची तारीख होते आणि मग ती कशाशीच जुळत नाही. वैतागून कुणीतरी दोन्ही तक्त्यांतून तिरप्या रेषेनंतरचा भाग उडवतो आणि नुसत्या १२ वर जॉइन लावतो. सगळे जुळते. पण तीन हिस्से एकाच नंबराचे झाल्यामुळे त्यांतला प्रत्येक प्रत्येकाशी जुळतो आणि तीनाच्या नऊ ओळी होतात. न जुळण्याचा दोष बुजवताना जास्त जुळण्याचा दोष शिरतो. फाइल उघडताना तो रकाना मजकूर म्हणून घेतला, तर दोन्ही टळतात.

आता राहिला खातेदारनिहाय पिकाचा प्रश्न, कारण अनेक अहवालांत तोच हवा असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करतो, आणि ती करताना गटाबरोबर खाते क्रमांकही निवडतो. ज्या तक्त्यात हा खाते क्रमांक उतरला आहे, तिथे गाव कोड, गट आणि खाते या तिन्हींवर जॉइन लावला की दत्तात्रयचे पीक दत्तात्रयशीच जुळते. खाते क्रमांक एकटा पुरत नाही, कारण तोही प्रत्येक गावात एकपासून सुरू होतो. योग्य रकाना म्हणजे नेहमी एकच रकाना, असे नसते. इथे तो तीन रकान्यांचा मिळून बनतो आणि त्यांतला एक जरी विसरला, तरी गुणाकार परत येतो.

या अडचणीची जाण नवी नाही. १९७० साली आयबीएमच्या ई. एफ. कॉड यांनी ज्या निबंधात संबंधांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना मांडली, त्यातच जॉइनच्या चर्चेत पुरवठादार, सुटे भाग आणि प्रकल्प यांचे उदाहरण आहे. कोणता पुरवठादार कोणता भाग देतो, याच्या तीन ओळी. कोणता भाग कोणत्या प्रकल्पाला लागतो, याच्याही तीन ओळी. जोडल्यावर पाच होतात. कॉड यांनी दाखवून दिले, की एक भाग अनेक जण पुरवत असतील आणि तोच अनेक ठिकाणी लागत असेल, तर कुणाचा भाग कुठे गेला हे त्या दोन तक्त्यांवरून ठरत नाही. पुरवठादाराच्या जागी खातेदार, भागाच्या जागी गट आणि प्रकल्पाच्या जागी पीक ठेवा. महादेव गट ११७ मध्ये आहे आणि गट ११७ मध्ये हरभरा आहे, एवढ्यावरून महादेवने हरभरा पेरला असे म्हणता येत नाही. त्या सहा ओळींतल्या काही ओळी केवळ जास्तीच्या नाहीत, त्या घडलेलीच नाही अशी गोष्ट सांगतात.

सामाईक खात्यात हे टोकाला जाते. तिथे एका खात्यावर चार नावे असतात आणि क्षेत्र एकच, न वाटलेले. नावांचा तक्ता प्रत्येक नावाला एक ओळ देतो आणि बहुधा प्रत्येक ओळीत खात्याचे पूर्ण क्षेत्र लिहिलेले असते. गाव, गट, खाते असे तिन्ही रकाने बरोबर लावले तरी तिथे चौपट होणारच. चाराने भागणे हा उपाय नाही, कारण वाटण्या समान आहेत असे कुठेही नोंदलेले नाही. अशा खात्यावर कुणी किती पेरले, याचे उत्तर त्या तक्त्यांत नाहीच, आणि ते देणारा रकाना शोधत बसणे व्यर्थ आहे. अहवालात खात्याची एकच ओळ ठेवावी, क्षेत्र आणि पीक तिच्यापुढे लिहावे आणि चारही नावे वेगळ्या यादीत द्यावीत. त्या यादीत क्षेत्राचा रकाना ठेवू नये, म्हणजे पुढच्या माणसाच्या हातून त्याची बेरीज होणार नाही. पहिले प्रकरण तिथूनच सुरू होते, कारण सोलापूर जिल्ह्याच्या फाइलींत अशी खाती पानोपानी भेटतात.